भाव वाढला, पण सरकला कोणता वक्र?

तूरडाळीचा भाव वाढला की दिल्लीत दोन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात. पहिले, लोकांचे उत्पन्न वाढले, ते अधिक प्रथिने खाऊ लागले, म्हणून मागणी वाढली. दुसरे, व्यापाऱ्यांनी साठेबाजी केली. भाव कोसळला की याच चर्चेची दिशा उलटते आणि शेतकऱ्यांनी ‘गरजेपेक्षा जास्त’ पेरले असे म्हटले जाते. या सर्व युक्तिवादांत एक उणीव समान आहे. ते केवळ भावाकडे पाहून कारण ठरवतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी मागणी-पुरवठ्याची आकृती मात्र सांगते की एकट्या भावावरून कारण कधीच ठरवता येत नाही. भावाबरोबर प्रमाण कोणत्या दिशेने गेले हे पाहिल्यावरच कोणता वक्र सरकला ते कळते, आणि ते कळल्याशिवाय योजलेला उपाय बहुधा चुकतो. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत भारतीय तुरीच्या बाजाराने हा धडा जितक्या स्पष्टपणे दिला, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या वस्तूने दिला असेल.

आकृती काय सांगते

आल्फ्रेड मार्शल यांच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीनुसार उभ्या अक्षावर किंमत आणि आडव्या अक्षावर प्रमाण मांडले जाते. मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरत जातो, कारण किंमत कमी झाली की लोक अधिक घेतात. पुरवठ्याचा वक्र चढत जातो, कारण किंमत वाढली की अधिक माल विक्रीला येतो. दोन्ही वक्र जिथे छेदतात तिथे समतोल किंमत आणि समतोल प्रमाण मिळते.

या आकृतीतील सर्वांत महत्त्वाचा भेद म्हणजे वक्रावरून होणारी हालचाल आणि खुद्द वक्राचे सरकणे यांतला. तूर महागली म्हणून एखाद्या कुटुंबाने आठवड्यातून दोन दिवस वरणाऐवजी आमटीला मसूर घेतली, तर ती मागणीच्या वक्रावरची हालचाल झाली. वक्र आपल्या जागीच राहिला. पण मसूरच स्वस्त झाली म्हणून लोकांनी पूर्वीच्याच भावाला तूर कमी घेतली, तर मागणीचा वक्र डावीकडे सरकला. पुरवठ्याच्या बाजूला पाऊस, कीड, आयातीची मुभा, पेरणीखालचे क्षेत्र या गोष्टी वक्र सरकवतात. वस्तूच्या स्वतःच्या चालू किमतीमुळे मात्र तो सरकत नाही, त्याच्यावरून केवळ वरखाली जाता येते.

हे अंकांनी पाहू. पुढील आकडे केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत. समजा, तुरीचा भाव क्विंटलला ६ हजार रुपये असताना देशात ४० लाख टन तूर विकली जाते. भाव हजार रुपयांनी वाढला की मागणी २ लाख टनांनी घटते आणि पुरवठा २ लाख टनांनी वाढतो. आता पाऊस कमी झाला आणि प्रत्येक भावाला पूर्वीपेक्षा ८ लाख टन कमी माल येऊ लागला. म्हणजे पुरवठ्याचा वक्र ८ लाख टनांनी डावीकडे सरकला. जुन्याच ६ हजारांच्या भावाला आता मागणी ४० लाख टनांची, पण माल ३२ लाख टन. ही तूट भरेपर्यंत भाव चढत जातो. ८ हजारांवर मागणी ३६ लाख टनांवर उतरते, पुरवठाही ३६ लाख टनांवर चढतो आणि बाजार स्थिरावतो. लक्षात घ्यावे की वक्र ८ लाख टनांनी सरकला, पण प्रत्यक्ष विक्री केवळ ४ लाख टनांनी घटली. उरलेला धक्का किमतीने पचवला.

आता उलटी कल्पना करू. पाऊस नेहमीसारखाच आहे, पण प्रत्येक भावाला ग्राहक पूर्वीपेक्षा ८ लाख टन अधिक मागू लागले आहेत. मागणीचा वक्र उजवीकडे सरकला. हिशेब केला तर नवा भाव पुन्हा ८ हजारच येतो. फरक इतकाच की विक्री ४४ लाख टनांची होते. दोन पूर्ण वेगळ्या घटना, पण भाव एकच. केवळ भावाचा फलक वाचणाऱ्याला दुष्काळ आणि समृद्धी यांत भेद करता येणार नाही. आवकेचा आकडा वाचणाऱ्याला तो एका दृष्टिक्षेपात कळेल. भाव वाढला आणि प्रमाण घटले, तर पुरवठा आकसला असे समजावे. भाव आणि प्रमाण दोन्ही वाढले, तर मागणी फुगली असे समजावे.

२०१५ : प्रमाणाने दिलेली साक्ष

ऑक्टोबर २०१५ मध्ये अनेक शहरांत तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला दोनशे रुपयांच्या आसपास पोहोचला. वर्षभरापूर्वी तो शंभराच्या आत होता. मागणी वाढल्यामुळे हे घडले, असे म्हणणाऱ्यांना प्रमाणाच्या आकड्यांनी आधार दिला नाही. देशातील तुरीचे उत्पादन २०१३-१४ मध्ये ३१.७ लाख टन होते. २०१४-१५ मध्ये ते २८.१ लाख टनांवर आणि २०१५-१६ मध्ये २५.६ लाख टनांवर आले. २०१४ मध्ये मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १२ टक्के आणि २०१५ मध्ये १४ टक्के कमी झाला होता. तूर प्रामुख्याने कोरडवाहू जमिनीत घेतली जाते, त्यामुळे सलग दोन वर्षांच्या तुटीचा मार तिला थेट बसला. लोकसंख्या आणि उत्पन्न यांमुळे मागणीचा वक्र दरवर्षी उजवीकडे सरकतो हे खरे, पण तो हळूहळू सरकतो. एका वर्षात भाव दुप्पट करण्याइतकी झेप तो घेत नाही.

इथे एक रास्त शंका उपस्थित होते. उत्पादन एका वर्षात साधारण अकरा टक्क्यांनी घटले असेल, तर भाव दुपटीच्या पुढे का जावा? याचे पहिले उत्तर वक्रांच्या उतारात आहे. आपल्या काल्पनिक हिशेबात मागणीचा वक्र तीव्र उताराचा होता, म्हणजे भाव वाढला तरी खप फारसा घटत नव्हता. समजा, ग्राहक सहजपणे दुसऱ्या डाळीकडे वळत असते आणि भाव हजार रुपयांनी वाढताच मागणी २ ऐवजी १० लाख टनांनी घटत असती. तर तोच ८ लाख टनांचा धक्का बसूनही भाव ६ हजारांवरून जेमतेम ६,६७० रुपयांपर्यंत गेला असता. तुरीच्या बाबतीत तसे होत नाही. दक्षिणेतील सांबार असो की पश्चिम भारतातील वरण, त्यासाठी तूरच लागते. हरभरा किंवा मूग तिची जागा अंशतःच घेतात. पुरवठ्याचा वक्रही अल्पकाळात जवळजवळ उभाच असतो. जूनमध्ये पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत हाती येते. ऑक्टोबरमध्ये भाव कितीही वाढला तरी शेतात नवे पीक उभे राहत नाही. दोन्ही वक्र तीव्र उताराचे असतील तर लहानसे सरकणेही किमतीत मोठे दिसते आणि प्रमाणात लहान.

दुसरे उत्तर काळाशी संबंधित आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात विकली जात असलेली तूर २०१४ च्या हंगामातली होती. २०१५ चे पीक अजून शेतात होते. पण ते कमी येणार हे सप्टेंबरअखेर सर्वांना कळून चुकले होते. ज्याच्याकडे माल आहे तो अशा वेळी आजच्या भावाची तुलना जानेवारीच्या संभाव्य भावाशी करतो. जानेवारीत टंचाई दिसत असेल तर तो आज कमी विकतो, म्हणजे आजचा पुरवठ्याचा वक्रही डावीकडे सरकतो. यालाच आपण साठेबाजी म्हणतो. ती काही प्रमाणात होतीच, पण ती टंचाईचे मूळ नव्हे, टंचाईच्या अपेक्षेचा परिणाम होता. यात एक उपयोगी बाजूही आहे. आजचा खप थोडा आवरून तो माल पुढच्या अधिक कठीण महिन्यांसाठी राखला जातो. साठा काही मोजक्या हातांत केंद्रित झाला आणि त्यांनी संगनमत केले, तर ही उपयोगिता संपते. दोन्हींतला फरक ओळखण्याची कसोटी एकच. हंगाम संपताना किती जुना माल शिल्लक राहिला ते पाहावे. मोठा साठा पडून राहिला आणि नवे पीक आल्यावर तो तोट्यात विकावा लागला, तर व्यापाऱ्यांनी टंचाईचा अंदाज फुगवला होता किंवा बाजार अडवला होता असे म्हणता येते. शिल्लक नगण्य असेल, तर टंचाई खरीच होती.

उपाय आकृतीवर मांडून पाहू

ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने साठा मर्यादेच्या कक्षेत आयातदार, प्रक्रियादार आणि मोठ्या विक्री दालनांनाही आणले. राज्याराज्यांत छापे पडले आणि हजारो टन डाळ जप्त झाली. आकृतीच्या भाषेत साठा मर्यादेचा अर्थ असा की जो माल जानेवारीत विकला जाणार होता तो ऑक्टोबरमध्येच विकायला लावायचा. आजचा पुरवठ्याचा वक्र थोडा उजवीकडे सरकतो, पण तेवढाच उद्याचा डावीकडे. एकूण उपलब्धतेत एका दाण्याचीही भर पडत नाही. शिवाय जप्त केलेला माल गोदामात सील होऊन पडला, तर तो आजच्या बाजारातूनही जातो आणि उपाय उलटा फिरतो.

दुसरा मोह भावावर कमाल मर्यादा घालण्याचा असतो. आपल्या हिशेबात पुरवठा घटल्यानंतरही सरकारने भाव ६ हजारांवरच बांधला असता, तर बाजारात ३२ लाख टन माल आला असता आणि मागणी ४० लाख टनांची राहिली असती. ही ८ लाख टनांची तूट रांगांनी, ओळखीपाळखीने किंवा चोरट्या बाजाराने वाटली गेली असती. किंमत बांधल्याने कोणताही वक्र सरकत नाही. समतोलाचा बिंदू जिथे आहे तिथेच राहतो, फक्त तिथे पोहोचायला मनाई होते.

वक्र खरोखर उजवीकडे नेणारा उपाय म्हणजे आयात. पण तुरीच्या बाबतीत तोही तोकडा पडतो. तूर मोठ्या प्रमाणावर खाणारा देश जगात जवळजवळ एकटा भारतच आहे. बाहेरचा पुरवठा मुख्यतः म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक, टांझानिया, मालावी अशा मोजक्या देशांतून येतो. तिथेही पीक वर्षातून एकदाच निघते. म्हणून भारताने खरेदी वाढवली की त्या देशांतला भाव लगेच चढतो. गहू किंवा पामतेलासाठी जसा खोल जागतिक बाजार आहे, तसा तुरीसाठी नाही. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी झालेल्या करारामागे हीच जाणीव होती. एका वर्षात १ लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत ती २ लाख टनांवर न्यायची, अशी त्या कराराची रचना होती. म्हणजे आधी हमी द्यायची आणि त्या हमीवर तिथल्या शेतकऱ्याने पेरायचे. ही दिशा योग्य होती. पण तोवर भारतातला पुरवठ्याचा वक्र विरुद्ध दिशेने धाव घेऊ लागला होता.

२०१७ : तोच वक्र, उलट्या दिशेने

२०१६ मध्ये पाऊस जवळपास सरासरीइतका झाला आणि २०१६-१७ मध्ये तुरीचे उत्पादन ४८.७ लाख टनांवर गेले, म्हणजे आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. ही वाढ दोन भागांत विभागून पाहिली तर आकृतीतला तो मूळ भेद प्रत्यक्षात दिसतो. पेरणीखालचे क्षेत्र सुमारे ४० लाख हेक्टरवरून ५३ लाख हेक्टरवर गेले, म्हणजे एक तृतीयांशाहून थोडे अधिक वाढले. हेक्टरी उत्पादकता सुमारे ६५० किलोंवरून ९१० किलोंवर गेली, म्हणजे चाळीस टक्क्यांनी वाढली. क्षेत्रातली वाढ ही मुख्यतः आदल्या वर्षीच्या चढ्या भावाला शेतकऱ्याने दिलेला प्रतिसाद होती. दीर्घकालीन पुरवठ्याच्या वक्रावरून तो वर चढला होता. उत्पादकतेतली वाढ ही मुख्यतः पावसाची देणगी होती. तिने वक्रच सरकवला. एक निर्णय शेतकऱ्याचा होता, दुसरा निसर्गाचा, आणि दोन्ही एकाच हंगामात एकत्र आले. त्यात सुमारे ७ लाख टन आयातीची भर पडली, कारण टंचाईच्या काळात केलेले सौदे सुगीच्या काळात बंदरात उतरत होते.

भावाचे काय झाले? २०१५ च्या अखेरीस बाजार समित्यांत क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलेली तूर २०१७ च्या सुरुवातीला कलबुर्गीपासून लातूरपर्यंत ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली, अनेक ठिकाणी चार हजारांच्या आसपास विकली गेली. मागणीचा वक्र फारसा हलला नव्हता. पुरवठ्याचा वक्र मागेपुढे झाला आणि त्याने मागणीच्या वक्रावरचे दोन बिंदू आपल्याला दाखवून दिले. एका बिंदूवर माल थोडा आणि भाव चढा, दुसऱ्यावर माल भरपूर आणि भाव पडलेला.

यातला सर्वांत बोचरा भाग उत्पन्नाचा आहे, आणि तोही आकृतीतच दडलेला आहे. पुन्हा आपल्या काल्पनिक हिशेबाकडे वळू. मूळ स्थितीत ४० लाख टन गुणिले क्विंटलला ६ हजार म्हणजे शेतकऱ्यांच्या हाती एकूण २४ हजार कोटी रुपये येतात. पुरवठा ८ लाख टनांनी घटला तेव्हा ३६ लाख टन ८ हजारांनी विकले गेले, म्हणजे २८,८०० कोटी. आणि पुरवठा ८ लाख टनांनी वाढला तर भाव ४ हजारांवर येतो, विक्री ४४ लाख टनांची होते आणि एकूण उत्पन्न १७,६०० कोटींवर घसरते. माल अधिक, मेहनत अधिक आणि पैसा कमी. मागणीचा वक्र तीव्र उताराचा असला की चांगले पीक हे शेतकऱ्यांच्या समुदायासाठी उत्पन्नाचे संकट ठरते. एकट्या शेतकऱ्याला हे टाळता येत नाही, कारण त्याने आपली तूर कमी पिकवली तरी भाव तोच राहतो. तो फक्त आपला वाटा गमावतो.

हमीभाव आणि खरेदी

अशा वेळी आपल्याकडे हमीभावाचा दाखला दिला जातो. आकृतीत हमीभाव म्हणजे समतोलाच्या वर ओढलेली एक आडवी रेषा. आपल्या उदाहरणात पुरवठा वाढल्यावर ६ हजारांच्या रेषेवर ४८ लाख टन माल विक्रीला येईल, पण ग्राहक ४० लाख टनच घेतील. उरलेले ८ लाख टन कोणीतरी विकत घ्यावेच लागतील. सरकारने ते घेतले तर मागणीचा एकत्रित वक्र उजवीकडे सरकतो आणि ६ हजारांचा भाव टिकतो. सरकारने केवळ भाव जाहीर केला आणि खरेदी केली नाही, तर आडवी रेषा कागदावर राहते आणि बाजार ४ हजारांवर जातो. घोषणा कोणताही वक्र सरकवत नाही, खरेदी सरकवते.

२०१६-१७ मध्ये सरकारने खरेदी केलीच नाही असे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये डाळींचा राखीव साठा २० लाख टनांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला होता आणि त्या हंगामात दहा लाख टनांहून अधिक तूर सरकारी संस्थांनी घेतली. एरवीच्या मानाने ही खरेदी मोठी होती. पण ज्या धक्क्याला ती तोंड देत होती तो त्याहून कितीतरी मोठा होता, कारण उत्पादनच आदल्या वर्षीपेक्षा २३ लाख टनांनी वाढले होते. त्यातच बारदान्याचा तुटवडा पडला, खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या, मुदती संपत आणि वाढत राहिल्या. ज्या शेतकऱ्याला रोख रकमेची निकड होती त्याने रांगेत थांबण्याऐवजी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने तूर दिली. आकृतीत खरेदीचे प्रमाण दिसते, खरेदीचा दिवस दिसत नाही, आणि शेतकऱ्यासाठी तो दिवसच निर्णायक असतो.

हीच गत आयात-निर्यात धोरणाची झाली. तुरीवर १० टक्के आयात शुल्क मार्च २०१७ च्या अखेरीस लागले. आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा ऑगस्टमध्ये आली आणि २००६ पासूनची निर्यातबंदी तुरीसाठी सप्टेंबरमध्ये उठली. आयात रोखणे म्हणजे पुरवठ्याचा वक्र डावीकडे सरकवणे आणि निर्यात खुली करणे म्हणजे मागणीचा वक्र उजवीकडे सरकवणे. दोन्ही दिशा अचूक होत्या. पण बहुतेक शेतकऱ्यांनी आपली तूर जानेवारी ते एप्रिलमध्येच विकून टाकली होती. ऑगस्टनंतर भाव सावरला असता, तरी त्याचा लाभ ज्याच्या गोदामात माल होता त्यालाच मिळाला असता. तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या समितीने सप्टेंबर २०१६ च्या अहवालातच जोमदार खरेदीचा, निर्यातबंदी आणि साठा मर्यादा हटवण्याचा आग्रह धरला होता. पीक तेव्हा शेतात उभे होते आणि पेरणीचे आकडे सरकारच्या हाती होते. वक्र सरकणार हे पेरणीच्या वेळी कळते. भाव कोसळतो तो कापणीच्या वेळी. मधले चार-पाच महिने हीच धोरणाची खरी वेळ असते, आणि तीच वाया गेली.

आकृती जिथे थांबते

या आकृतीच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. ती एका क्षणाचे चित्र दाखवते आणि ‘इतर सर्व घटक स्थिर’ असे गृहीत धरते. शेतीत मात्र आजचा भाव उद्याचा पुरवठा ठरवतो. २०१५ च्या चढ्या भावाने २०१६ ची पेरणी वाढवली आणि २०१७ च्या पडलेल्या भावाने पुढची पेरणी आखडली. तुरीचे उत्पादन २०१७-१८ मध्ये ४२.९ लाख टनांवर आणि २०१८-१९ मध्ये ३३.२ लाख टनांवर उतरले. गेल्या हंगामाचा भाव पाहून पुढच्या हंगामाची पेरणी ठरत असेल, तर बाजार समतोलाकडे जाण्याऐवजी त्याच्याभोवती हेलकावे खात राहतो. शिवाय प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही वक्र एकाच वेळी हलतात. २०१७ मध्ये सरकारी खरेदीने मागणी आणि पावसाने पुरवठा, दोन्ही उजवीकडे सरकवले. अशा वेळी प्रमाण वाढणार हे नक्की सांगता येते, पण भावाची दिशा कोण अधिक सरकले यावर ठरते. म्हणूनच केवळ ‘सरकारने खरेदी केली तरी भाव पडला’ एवढ्यावरून खरेदी निरुपयोगी ठरत नाही. ती नसती तर भाव आणखी किती पडला असता, हा खरा प्रश्न असतो.

पुढच्या सहा वर्षांचा प्रश्न

हा सारा इतिहास आज पुन्हा काढण्याचे कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी ११,४४० कोटी रुपयांचे सहा वर्षांचे अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत डाळींचे एकूण उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. सुधारित बियाणे आणि वाढीव क्षेत्र यांवर त्याचा भर आहे. आकृतीच्या भाषेत सांगायचे तर हे अभियान पुरवठ्याचा वक्र जाणीवपूर्वक उजवीकडे सरकवू पाहते. ते यशस्वी झाले आणि बाकी काहीच बदलले नाही, तर भाव खाली येणे हा त्याच्या यशाचाच एक भाग असेल. ग्राहकाला ते हवेच आहे. पण शेतकऱ्याने दुसऱ्या वर्षीही तूर पेरावी असे वाटत असेल, तर हेक्टरी उत्पादन भावाच्या घसरणीपेक्षा वेगाने वाढले पाहिजे, नाही तर मागणीच्या बाजूने आधार मिळाला पाहिजे.

अभियानाच्या रचनेत हा आधार आहे. पहिली चार वर्षे नोंदणीकृत शेतकऱ्यांची तूर, उडीद आणि मसूर हमीभावाने पूर्णपणे खरेदी करण्याचे आश्वासन त्यात दिलेले आहे. पण त्याच वेळी आयातीचे धोरण दुसऱ्या दिशेने चालले होते. तुरीची आयात मे २०२१ पासून खुली राहिली आणि ती सवलत वेळोवेळी वाढवली गेली. डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत पिवळा वाटाणाही शुल्कमुक्त येत होता. हा स्वस्त पर्याय प्रामुख्याने हरभऱ्याच्या आणि काही अंशी इतर डाळींच्या मागणीचा वक्र डावीकडे ढकलत होता. २०२४-२५ साठी तुरीचा हमीभाव ७,५५० रुपये होता आणि २०२५ च्या सुरुवातीला अनेक बाजार समित्यांत तूर त्याखाली गेली. एक मंत्रालय पुरवठा वाढवते, दुसरे आयात खुली ठेवते आणि तिसऱ्याने खरेदीची हमी द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. तिन्ही निर्णय स्वतंत्रपणे समर्थनीय वाटतील. एकाच आकृतीवर मांडले की त्यांची बेरीज खरेदीच्या ओझ्याच्या रूपाने दिसते. आयातीचा प्रत्येक टन आणि वाढीव पिकाचा प्रत्येक टन हमीभावाच्या रेषेवर उभा राहतो आणि सरकारी गोदामाची वाट पाहतो.

म्हणून या अभियानाचे मूल्यमापन उत्पादनाच्या एका आकड्याने करू नये. दरवर्षी तीन गोष्टी एकत्र तपासाव्यात: पेरणीनंतर पुरवठ्याचा वक्र किती सरकेल याचा ऑगस्टमधला अंदाज, त्यानुसार आयात शुल्कात सुगीपूर्वी झालेला बदल आणि कापणीच्या पहिल्या सहा आठवड्यांत प्रत्यक्ष झालेली खरेदी. आयात शुल्क भाव कोसळल्यावर नव्हे, तर पेरणीचे आकडे हाती येताच आणि आधी जाहीर केलेल्या सूत्रानुसार बदलले, तर शेतकरी आणि आयातदार दोघांनाही आपापला निर्णय वेळेत घेता येईल. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये हे सारे माहीत होते. पुढच्या भरघोस हंगामाच्या सप्टेंबरमध्येही ते माहीत असेल. तेव्हा फायलीवर सही कोणत्या महिन्यात होते, यावर तुरीचा पुढचा भावच नव्हे, तर त्यापुढच्या वर्षीची पेरणीही ठरणार आहे.